दोन टक्क्यांची घट आणि न छापलेला रकाना

दोन पाहण्यांच्या मधल्या काळात दारिद्र्याचे प्रमाण २४ टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर आले, असे विकास-अर्थशास्त्राच्या एखाद्या निबंधात छापून आले की पुढचा वाद कसा रंगणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. एका बाजूला धोरणाचे यश दिसते, दुसऱ्या बाजूला दारिद्र्यरेषाच खाली ओढल्याचा संशय येतो. मग कोणीतरी विचारतो, या आकड्यांची स्टँडर्ड एरर किती, म्हणजे नमुन्यात वेगळी कुटुंबे आली असती तर हे आकडे साधारण किती हलले असते? खरे तर इथे वाद शहाणा व्हायला हवा, पण तो आणखी बिघडतो. एक गट म्हणतो, नमुना हजारो कुटुंबांचा आहे, एवढ्या मोठ्या पाहणीत कसली आली चूक! दुसरा गट गणित मांडून जाहीर करतो की घट ‘सिग्निफिकंट’ नाही, ती निव्वळ योगायोगानेही आली असेल, म्हणजे दारिद्र्य घटलेच नाही. दोघेही आत्मविश्वासाने बोलतात आणि दोघांचेही चुकते.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. गरिबांचे प्रमाण काय किंवा विषमता मोजणारा जिनी गुणांक काय, हे नमुन्यावरून बांधलेले अंदाज आहेत. अशा प्रत्येक आकड्याशेजारी स्टँडर्ड एरर छापलीच पाहिजे. ती पाहणीच्या प्रत्यक्ष रचनेवरून काढलेली हवी, आणि दावा बदलाचा असेल तर ती बदलाची हवी. शिवाय, चुकीच्या पद्धतीने काढलेली स्टँडर्ड एरर ही न छापलेल्या एररपेक्षा वाईट असते, कारण रिकामा रकाना निदान शंका तरी जागी ठेवतो. गंमत अशी की याच निबंधांत रिग्रेशनच्या प्रत्येक गुणकाखाली कंसात स्टँडर्ड एरर असते, ती नसेल तर परीक्षक निबंध परत पाठवतात. पण पहिल्या तक्त्यातले हेडकाउंट, म्हणजे गरिबांचे प्रमाण, आणि जिनी मात्र उघडेबोडके उभे असतात. का? तर तो तक्ता ‘वर्णनाचा’ समजला जातो. वर्तमानपत्रात आणि धोरणाच्या टिपणांत जातो तो नेमका हाच तक्ता, आणि त्यालाच सूट!

‘नमुना मोठा आहे’ या युक्तिवादाकडे आधी पाहू. त्यासाठी एक काल्पनिक पाहणी घेऊ. दोन फेऱ्या, प्रत्येक फेरीत ४,८०० कुटुंबे. पहिल्या फेरीत गरिबांचे प्रमाण २४ टक्के, दुसरीत २२. ही ४,८०० कुटुंबे देशभरातून एकेक करून चिठ्ठ्या टाकून निवडली असती, तर पहिल्या आकड्याची स्टँडर्ड एरर ०.६२ टक्के आली असती आणि दुसऱ्याची ०.६०. दोन आकड्यांतल्या फरकाची ०.८६. दोनला ०.८६ ने भागले की २.३ येतात, नेहमीच्या दोनच्या उंबरठ्याहून जास्त, म्हणजे घट खरी मानायला हरकत नाही, असे कोणताही विद्यार्थी सांगेल.

पण अशी पाहणी कोणी करत नाही. देशभर विखुरलेल्या ४,८०० दारांपर्यंत अन्वेषक पाठवणे परवडत नाही. म्हणून आधी ४०० गावे किंवा वस्त्या निवडतात आणि प्रत्येकीत १२ कुटुंबे. एका गावातली कुटुंबे एकमेकांसारखी असतात. जमीन तीच, पाऊस तोच, बाजार तोच. गावात चार घरे गरीब निघाली की पाचवे गरीब असण्याची शक्यता वाढते, त्यामुळे बारावे कुटुंब जी माहिती देते ती बरीचशी आधीच्या अकरांनी देऊन ठेवलेली असते. हे साम्य मोजायचा एक आकडा आहे, गावांतर्गत सहसंबंध. तो आपल्या पाहणीत ०.२ धरू. मग अंदाजाची विचरणशीलता, म्हणजे स्टँडर्ड एररचा वर्ग, १ + (१२ − १) × ०.२, म्हणजे ३.२ पट होते. लेस्ली किश यांनी १९६५ मध्ये या पटीला ‘डिझाइन इफेक्ट’ म्हणून पाठ्यपुस्तकात पक्के केले. ४,८०० ला ३.२ ने भागा. हातात उरतात १,५०० कुटुंबे. बाकीची ३,३०० कागदावर आहेत, माहितीत नाहीत.

आता स्टँडर्ड एरर ०.६२ ऐवजी १.१० होते, दुसऱ्या फेरीची १.०७, आणि फरकाची १.५. दोन भागिले दीड, म्हणजे १.३. मघाशी जी घट निर्विवाद वाटत होती तिचा ९५ टक्क्यांचा पट्टा, म्हणजे खरा बदल ज्या मर्यादांत असण्याचा भरवसा धरता येतो तो, आता एका टक्क्याच्या वाढीपासून पाच टक्क्यांच्या घटीपर्यंत पसरला. आकडे तेच, कुटुंबे तीच, फक्त ती कशी निवडली याची आठवण ठेवली. स्टीफन हाउज आणि जीन लांज्यू यांनी १९९८ मध्ये नेमका हाच मुद्दा मांडला होता, की नमुन्याची रचना दुर्लक्षित केली तर दारिद्र्याच्या तुलनांतली अनिश्चितता चांगलीच कमी दाखवली जाते. त्याला पाव शतक उलटले. स्तरीकरणामुळे, म्हणजे गावे निवडण्याआधीच प्रदेशवार गट पाडल्यामुळे, स्टँडर्ड एरर थोडी खालीही येते हे खरे. पण गावागावांतल्या कुटुंबांच्या गुच्छांनी जेवढे घेतलेले असते तेवढे स्तर सहसा परत देत नाहीत.

याहून मोठी चूक एका साध्या गोष्टीतून होते. गरिबांचे प्रमाण हे माणसांचे असते आणि पाहणी कुटुंबांची. म्हणून काही जण कुटुंबाची नोंद सदस्यसंख्येइतक्या वेळा लिहून माणसांची फाइल बनवतात. सरासरी पाच माणसे धरली तर ४,८०० ओळींच्या २४,००० ओळी होतात आणि संगणक त्या स्वतंत्र समजतो. घरातला दरडोई खर्च सगळ्यांसाठी एकच धरलेला असताना त्या घरातली पाच माणसे पाच पुरावे कशी होतील? स्टँडर्ड एरर ०.२८ वर येते, म्हणजे खऱ्या आकड्याच्या चौथ्या हिश्श्यावर. काही महाभाग त्यापुढे जाऊन वेट, म्हणजे एक नोंद किती माणसांच्या वतीने बोलते ते आकडे, ज्यांची बेरीज लोकसंख्येइतकी होते, ‘फ्रीक्वेन्सी’ म्हणून देतात. मग संगणकाला वाटते आपण कोट्यवधी माणसांना प्रत्यक्ष भेटून आलो, आणि स्टँडर्ड एरर दशांशचिन्हानंतर तीन-चार शून्ये दाखवते. वाचकाला हे ओळखता येते. राष्ट्रीय पाहणीत हेडकाउंटची स्टँडर्ड एरर ०.०१ टक्का दिसली तर निबंध खाली ठेवून लेखकाला वेट कसे दिले हे विचारावे.

बरोबर पद्धत अवघड नाही. स्टाटा या संख्याशास्त्राच्या संगणकप्रणालीत तीन ओळी पुरतात:

```
gen popwt = hhwt * hhsize
svyset psu [pw=popwt], strata(stratum)
svy: regress poor i.round
```

पहिली ओळ कुटुंबाच्या वेटला सदस्यसंख्येने गुणते, त्यामुळे प्रमाण माणसांचे राहते आणि नोंद मात्र कुटुंबाचीच. दुसरी ओळ गाव आणि स्तर सांगते. तिसरी ओळ फरक आणि फरकाची स्टँडर्ड एरर एकत्र देते. इथे एक बारकावा आहे, आणि तोच बहुतेक वेळा निसटतो. दोन्ही फेऱ्यांत गावे वेगवेगळी असतील तर त्यांचे आणि स्तरांचे क्रमांकही फेरीगणिक वेगळे करून द्यावे लागतात, नाहीतर पहिल्या फेरीतले १७ नंबरचे गाव आणि दुसऱ्या फेरीतले १७ नंबरचे गाव संगणक एकच धरतो. उलट त्याच गावांत पुन्हा गेला असाल तर क्रमांक तेच ठेवायचे. कारण मग गावाचे जे वैशिष्ट्य दोन्ही वेळा सारखे राहिले ते वजाबाकीत निघून जाते. आपल्या उदाहरणात दोन फेऱ्यांच्या अंदाजांत ०.५ सहसंबंध असेल तर फरकाची स्टँडर्ड एरर १.५ वरून १.१ वर येते. म्हणजे काळजीपूर्वक गणित करणे दर वेळी लेखकाच्या विरोधातच जाते असे नाही. म्हणूनच दोन फेऱ्यांचे पट्टे शेजारी ठेवून ‘ते एकमेकांवर येतात, सबब फरक नाही’ असे म्हणणेही चूक. पट्टे थोडे एकमेकांवर येत असतानाही फरक पक्का असू शकतो. फरकाचा पट्टा फरकावरूनच काढावा लागतो.

आता विरोधातला सर्वांत भक्कम मुद्दा, आणि तो मी अर्धवट मनाने मान्य करणार नाही, पुरता करतो. स्टँडर्ड एरर फक्त नमुना निवडण्यातल्या योगायोगाचे माप देते. प्रश्न कसा विचारला, श्रीमंतांनी दार उघडले का, शेतातून घरी आलेल्या धान्याला कोणता भाव लावला, यातले काहीच तिला दिसत नाही. आणि दारिद्र्याच्या मोजणीत मोठ्या चुका बहुधा इथेच होतात. १९३६ मध्ये अमेरिकेत लिटररी डायजेस्ट या साप्ताहिकाने सुमारे २४ लाख मतपत्रिका गोळा करून अध्यक्षपदी लँडन निवडून येणार असे भाकीत केले. एवढ्या नमुन्याची पुस्तकी स्टँडर्ड एरर टक्क्याच्या तीन शतांशांइतकी भरते. रूझवेल्ट सुमारे ६१ टक्के मते घेऊन जिंकले. 

दारिद्र्याच्या क्षेत्रातले उदाहरण तर याहून बोलके आहे. भारताच्या राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ५५व्या फेरीत, १९९९-२००० साली, अन्नावरच्या खर्चासाठी ७ दिवस आणि ३० दिवस अशा दोन्ही मुदतींचे प्रश्न एकाच पत्रिकेत शेजारी-शेजारी विचारले गेले. त्याआधीच्या मोठ्या फेरीत फक्त ३० दिवसांची मुदत होती. अधिकृत दारिद्र्य १९९३-९४ मधल्या ३६ टक्क्यांवरून २६ वर आले, आणि यातली घट किती आणि प्रश्नपत्रिकेची करामत किती यावर वर्षानुवर्षे वाद झाला. अशा ठिकाणी एखाद्या टक्क्याच्या स्टँडर्ड एररची काय मातब्बरी?

मातब्बरी आहे, आणि ती याच उदाहरणातून दिसते. मुदत बदलल्याने आकडा हलतो हे लोकांना कळले कसे? ५५व्या फेरीच्या आधीच्या छोट्या फेऱ्यांत कुटुंबांना वेगवेगळ्या मुदतींच्या पत्रिका यादृच्छिकपणे वाटल्या होत्या. छोट्या मुदतीच्या पत्रिकेतून मोजलेले दारिद्र्य जवळजवळ निम्मे निघत होते. आता विचार करा, दोन गटांतला हा फरक योगायोगाचा नाही असे कशाच्या जोरावर म्हणता आले? फरक त्याच्या स्टँडर्ड एररच्या कितीतरी पट होता, या जोरावर. ज्या मापाला ‘खऱ्या चुका पकडत नाही’ म्हणून हिणवायचे, त्याच मापाशिवाय खरी चूक ओळखूही आली नसती. योगायोगाची उंची माहीत नसेल तर त्याच्या वर काय डोके काढते आहे हे कसे दिसणार? स्टँडर्ड एरर ही अनिश्चिततेची तळपट्टी आहे. खरी अनिश्चितता तिच्याहून जास्तच असणार, कमी नाही. आणि तळपट्टीपाशीच दावा पडत असेल तर पुढच्या चुकांची चर्चा करायची गरजच उरत नाही.

प्रशांतचंद्र महालनोबिस यांना हे दोन प्रश्न वेगळे वाटलेच नव्हते. बंगालमधल्या तागाच्या पिकाच्या पाहण्यांपासून त्यांनी एक युक्ती वापरली, जी पुढे १९५० मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीतही आली. एकाच प्रदेशातून दोन स्वतंत्र उपनमुने काढायचे आणि दोन वेगळ्या अन्वेषक-गटांकडे द्यायचे. दोघांचे अंदाज वेगवेगळे जाहीर करायचे. समजा एकाकडून दारिद्र्य २५.२ टक्के आले आणि दुसऱ्याकडून २२.८. सरासरी २४, आणि स्टँडर्ड एररचा झटपट अंदाज म्हणजे फरकाचा निम्मा, १.२. दोनच उपनमुने असल्याने हा अंदाज ओबडधोबड असतो, त्यावर फार भार टाकता येत नाही. पण त्यात नमुन्याचा योगायोग आणि अन्वेषकांच्या कामातला फरक दोन्ही येतात, आणि तो समजायला पदवी लागत नाही. संगणक नसलेल्या काळात हे छापले जात होते. आज लॅपटॉपवर काही सेकंदांत होणारे काम जागेअभावी गाळले, असे सांगताना लेखकांना थोडे तरी अवघडत असेल अशी आशा आहे.

दुसरा आक्षेप वेगळ्या दिशेने येतो. स्टँडर्ड एरर छापली की लोक तारे, म्हणजे ‘सिग्निफिकंट’ आकड्यांपुढच्या खुणा, मोजू लागतात, आणि तारा नसलेला आकडा शून्य समजतात. हा आक्षेपही खरा आहे, सुरुवातीला उल्लेखलेला दुसरा गट हेच करतो. पण आपल्या उदाहरणातला पट्टा पुन्हा पाहा. एका टक्क्याची वाढ ते पाच टक्क्यांची घट. त्यात ‘काहीच बदल नाही’ बसते, तसे ‘शंभरातली पाच माणसे दारिद्र्यातून वर आली’ हेही बसते. दारिद्र्य घटले नाही असे ही पाहणी म्हणत नाही. ती म्हणते, मला एवढे बारीक दिसत नाही. फरकाची स्टँडर्ड एरर दीड टक्का असेल तर सुमारे चार टक्क्यांहून लहान बदल ती भरवशाने पकडूच शकत नाही, आणि हे पाहणी करण्याआधीही सांगता आले असते. तेव्हा उपाय रकाना गाळण्याचा नसून तारे गाळून पट्टा छापण्याचा आहे. प्रदेशवार तक्त्यांत तर हे फारच निकडीचे होते. राष्ट्रीय पातळीवरची ४०० गावे वीस प्रदेशांत विभागली की प्रत्येकाच्या वाट्याला वीस येतात, आणि स्टँडर्ड एरर साधारण साडेचार पट होते. त्या तक्त्यात कोणता प्रदेश पहिला आणि कोणता शेवटचा हे ठळक अक्षरांत लिहिणारे निबंध मी वाचत आलो आहे. दोन टोके सोडली तर मधला क्रम पुढच्या नमुन्यात पत्त्यांसारखा पिसला जाईल, हे त्यांत कुठेच नसते.

विषमतेकडे वळलो की अडचणीचा प्रकारच बदलतो. हेडकाउंटमध्ये कोणतेही एक कुटुंब फार काही बिघडवू शकत नाही, ते गरीब असते किंवा नसते. जिनीचे तसे नाही. हजार कुटुंबांचा नमुना घ्या, सरासरी उत्पन्न १००, जिनी ०.४०. त्यात ५,००० उत्पन्न असलेले एकच कुटुंब मिळवा. एकूण उत्पन्नात त्याचा वाटा पावणेपाच टक्के होतो आणि जिनी ०.४३ वर जातो. हजार-एकात एक! इतकी वाढ पाहिली की विषमतेवर अग्रलेख लिहिले जातात, आणि इथे तर फक्त एका घराने दार उघडले.

अशा वेळी ‘बूटस्ट्रॅप करून टाकू’ हे उत्तर सर्रास मिळते. बूटस्ट्रॅप म्हणजे नमुन्यातूनच पुन्हापुन्हा नमुने काढणे. पण कुटुंबे पुन्हा काढली आणि गावे विसरली तर मघाचीच चूक नव्या वेषात येते. गावेच्या गावे पुन्हा काढावी लागतात. तेही केले, तरी ते श्रीमंत घर काही आपल्या हातात येत नाही. सुमारे ३७ टक्के पुनर्नमुन्यांत ते येतच नाही, तेव्हा जिनी ०.४० भरतो. एकदा आले की ०.४३, दोनदा आले की ०.४५. पुनर्नमुन्यांतल्या जिनींचा आलेख काढला तर एका टेकडीऐवजी दोन-तीन उंचवटे दिसतात. ते दिसले की समजावे, छापलेली स्टँडर्ड एरर भाबडी आहे. उत्पन्नाची शेपटी लांब असेल तर नमुना बराच मोठा असूनही असे पट्टे विषमतेचे खरे मूल्य सांगितल्यापेक्षा कमी वेळा पकडतात, हे फ्रँक कॉवेल आणि इमॅन्युएल फ्लाशेअर यांनी २००७ मध्ये दाखवले. रिग्रेशनची एक सोपी युक्ती वापरून जिनीची स्टँडर्ड एरर झटक्यात काढायची टूमही मध्यंतरी आली होती. पण उत्पन्ने चढत्या क्रमाने लावली की चुका एकमेकींपासून स्वतंत्र राहत नाहीत, त्यामुळे तो आकडा भरवशाचा नाही, असा इशारा २००६ मध्ये दिला गेला. म्हणून जिनीपुरता माझा आग्रह थोडा अधिक आहे. स्टँडर्ड एरर द्या, आणि सोबत वरची पाच घरे काढून टाकली तर जिनी किती येतो तेही द्या. दुसरा आकडा कुठल्याही सूत्रापेक्षा लवकर काय ते सांगून जातो.

एक अडचण मात्र लेखकांच्या हातची नाही. गोपनीयतेच्या कारणाने अनेक पाहण्यांच्या खुल्या फायलींतून गावाचा आणि स्तराचा क्रमांक काढून टाकलेला असतो. मग svyset मध्ये लिहायचे काय? उपलब्ध असलेला सर्वांत लहान भौगोलिक गट गाव म्हणून धरता येतो. त्याने पट्टा सहसा रुंद येतो, अरुंद नाही, आणि तसे धरल्याचे तक्त्याखाली लिहिता येते. पण ही तडजोड झाली. अमेरिकेत जनगणना विभाग आपल्या मोठ्या पाहण्यांसोबत रेप्लिकेट वेट देतो, म्हणजे वेटचे अनेक संच, ज्यांच्यावर तोच अंदाज पुन्हापुन्हा काढून स्टँडर्ड एरर मिळते आणि कोणत्याही गावाचे नाव उघड होत नाही. संस्थेकडे गावांची खरी यादी असतेच, हे संच तिला एकदाच तयार करायचे असतात. पाहणीवर एवढा खर्च करून शेवटी ती किती अचूक आहे हे शोधण्याचा मार्गच फाइलमधून काढून घ्यायचा असेल, तर निबंधातल्या रिकाम्या रकान्याचा जाब एकट्या लेखकाला विचारता येणार नाही.